आयओडी पॉझिटिव्ह म्हणजे अल निनो कॅन्सल? तसं नसतं

प्रश्न: अल निनोच्या वर्षी दरवेळी टीव्हीवर कोणीतरी सांगतं की हिंद महासागरात आयओडी पॉझिटिव्ह होतोय त्यामुळे घाबरू नका, पाऊस बरा होईल. हे आयओडी म्हणजे नक्की काय? त्याने अल निनो खरंच कॅन्सल होतो का? आमची लातूरकडे कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन पेरायचं की नाही ते यावरून ठरवता येतं का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तोच खरा खिशाचा प्रश्न आहे. नाही, पेरणी यावरून ठरवू नका. पण काढणीच्या वेळी मात्र याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघा. असं उलटं का, ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल. मी समुद्राचा डेटा आणि हंगामी अंदाज या कामात बरीच वर्षं काढली आहेत आणि टीव्हीवर ते एका ओळीत "आयओडी तारणार" म्हणतात तेव्हा मला रिमोट शोधावासा वाटतो.

आधी वस्तू काय आहे ते बघू. हिंद महासागरात विषुववृत्ताच्या आसपास दोन चौकोन आखलेत. एक पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला, ५० ते ७० अंश पूर्व रेखांश आणि विषुववृत्ताच्या वर-खाली दहा-दहा अंश. दुसरा पूर्वेला सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याला लागून, ९० ते ११० अंश पूर्व, आणि हा फक्त विषुववृत्ताच्या दक्षिणेला दहा अंशापर्यंत. दोन्ही चौकोनांत समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा किती जास्त-कमी आहे ते काढायचं आणि पश्चिमेच्या आकड्यातून पूर्वेचा वजा करायचा, बस. समजा पश्चिम सरासरीपेक्षा ०.५ ने गरम आहे आणि पूर्व ०.६ ने थंड आहे, तर ०.५ वजा उणे ०.६, म्हणजे अधिक १.१. हा झाला इंडेक्स. ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग अधिक ०.४ च्या वर काही आठवडे टिकला तर पॉझिटिव्ह म्हणतो, उणे ०.४ च्या खाली टिकला तर निगेटिव्ह. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी 'नेचर'मध्ये पेपर लिहून याला द्विध्रुव म्हणजे डायपोल हे नाव दिलं, त्यावरून इंडियन ओशन डायपोल म्हणजे आयओडी, यातले पहिले तिघं आपलेच. आता आकडे डिग्रीच्या दशांशात आहेत म्हणून हसू नका, हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्याचं सरासरी तापमान अर्ध्या डिग्रीने हलणं म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे.

हे होतं कसं? परातीत गरम दूध आहे आणि वर जाड साय आलीये असं धरा. एका बाजूने फुंकर मारली की साय सरकून पलीकडच्या कडेला गोळा होते, अलीकडे साय पातळ होते आणि खालचं दूध वर दिसायला लागतं. समुद्रात ही साय म्हणजे वरच्या साधारण शंभर मीटरचं गरम पाणी (फरक इतकाच की दुधात सायीखाली गरम असतं, समुद्रात सायीखाली थंड). नेहमीच्या वर्षी विषुववृत्तावर हिंद महासागरात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगला जोर असतो, त्यामुळे गरम पाण्याची साय इंडोनेशियाच्या बाजूला जाड साचलेली असते. पॅसिफिकमध्ये याच्या अगदी उलट आहे, तिथे वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे इंडोनेशियाला दोन्ही बाजूंनी गरम पाणी येऊन टेकतं.

आता मे-जून नंतर सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यावर आग्नेयेकडून वारा सुटतो, हा दरवर्षीच सुटतो. दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी वाऱ्याच्या डाव्या हाताला वळतं, आणि तिथे डावा हात म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे. वरचं गरम पाणी किनारा सोडून गेलं की त्याची जागा घ्यायला खालून थंड पाणी वर येतं. ज्या वर्षी हा वारा लवकर सुटला किंवा जोरात सुटला त्या वर्षी किनाऱ्यालगत पाणी जरा जास्त थंड होतं. थंड पाण्यावर ढग कमी. ढग कमी म्हणजे तिथे हवा वर उचलली जात नाही, हवेचा दाब वाढतो, मग हवा तिथून पश्चिमेकडे, म्हणजे जिथे पाणी अजून गरम आहे तिकडे, जायला लागते. म्हणजेच विषुववृत्तावरचा वारा उलटा व्हायला लागतो. वारा उलटा झाला की साय अजून पश्चिमेला सरकते, पूर्वेला अजून पातळ होते, खालून थंड पाणी यायला अजून सोपं. एकदा हे चक्र पकडलं की ते स्वतःच स्वतःला वाढवतं. आणि हा बदल पाण्याच्या आत लाटांनी पसरतो, विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारी लाट अख्खा महासागर साधारण महिन्याभरात पार करते, पश्चिमेकडे जाणारी लाट मात्र सावकाश, कित्येक महिने घेते आणि जाताजाता तिकडची साय जाड करत जाते. म्हणून पूर्व टोक आधी थंड होतं आणि पश्चिम टोक मागाहून आरामात गरम होतं.

म्हणूनच लोक याला 'सीसॉ' म्हणतात तो शब्द मला अर्धाच पटतो. बागेतल्या सीसॉवर एक पोरगं खाली गेलं की दुसरं वर जातंच, फळी एकच असते. इथे तसं नाही, पूर्वेचं टोक एकटं खाली जाऊ शकतं, पश्चिमेचं टोक एकटं वर जाऊ शकतं, आणि इंडेक्स दोन्ही वेळा अधिकच दाखवणार. पुढे याच्यावरच सगळी गंमत आहे म्हणून हे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट जी टीव्हीवर कधीच सांगत नाहीत. या सगळ्या प्रकाराला घड्याळ आहे. मे-जूनमध्ये अंकुर फुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये वाढतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात येतो आणि डिसेंबरपर्यंत मरतो. मरतो कारण डिसेंबरच्या सुमारास जावाच्या किनाऱ्यावरचा वारा ऋतूप्रमाणे दिशाच बदलतो, खालून पाणी वर यायचं बंद होतं आणि चक्राची चावीच निघून जाते. म्हणजे आपला मान्सून जून ते सप्टेंबर आणि आयओडीचा जोर ऑक्टोबरच्या आसपास. दोघांची गाठ पडते ती मान्सूनच्या शेपटाला.

आपल्या पावसाशी याचा संबंध कसा लागतो? लोक सांगतात की अरबी समुद्राच्या बाजूला पाणी गरम म्हणजे बाष्प जास्त म्हणजे पाऊस जास्त. हे काही अंशी खरं आहे, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पूर्वेच्या टोकाचं काम. पावसाळ्यात हिंद महासागराच्या भागात ढगांचे दोन पट्टे असतात. एक आपल्याकडचा, म्हणजे राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा. दुसरा समुद्रावर, विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, आणि त्याचा जोर सुमात्राच्या बाजूला जास्त असतो. हे दोन्ही पट्टे म्हणजे एकाच विहिरीवर बसवलेल्या दोन मोटारी आहेत असं समजा. शेजाऱ्याची मोटार फुल चालू असेल तर आपल्या पाइपाला पाणी कमी, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. समुद्रावरच्या पट्ट्यात हवा जोरात वर चढली की ती वरून उत्तरेकडे येऊन आपल्या डोक्यावर खाली बसते आणि आपल्याकडे खंड पडतो. आता पॉझिटिव्ह आयओडीत सुमात्राजवळचं पाणी थंड झालं, तिथले ढग मेले, म्हणजे शेजाऱ्याची मोटार बंद पडली. उलट तिथे हवा खाली बसायला लागली आणि उत्तरेला, उपसागराच्या माथ्यावर आणि मान्सूनच्या पट्ट्यात हवा चढायला मदत झाली. अल निनो काय करतो, तर पॅसिफिकच्या मध्य-पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं आणि तिथली सगळी उलथापालथ आपल्याकडची हवा खाली दाबते. म्हणजे एक दाबतोय आणि दुसरा उचलतोय. अशोक, ग्वान आणि यामागाता यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं होतं की पॉझिटिव्ह आयओडी सोबत असेल तर अल निनोचा आपल्या पावसावरचा परिणाम कमी होतो. "कमी होतो" असं म्हटलंय त्यांनी. कॅन्सलचा शिक्का मागाहून इतरांनी मारला.

हा शिक्का बसला तो १९९७ मुळे. त्या वर्षीचा अल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या अल निनोंपैकी एक, सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतलेली, आणि देशाचा पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. त्याच वर्षी हिंद महासागरात जबरदस्त पॉझिटिव्ह आयओडी होता, इंडोनेशियात पाऊस नाही म्हणून जंगलं जळत होती आणि पूर्व आफ्रिकेत पूर आले होते.  मग लोकांनी सूत्र बनवून टाकलं, अल निनो अधिक पॉझिटिव्ह आयओडी बरोबर नॉर्मल पाऊस. सूत्र सोपं असलं की व्हॉट्सॲपवर पळतं.

पण मग २०१५ घ्या. अल निनो १९९७ च्या तोडीचा, आयओडी इंडेक्स अधिककडे झुकलेला, आणि देशाचा पाऊस ८६ टक्के. लातूरकराला २०१५ बद्दल मी काय सांगणार, त्याच दुष्काळामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तुमच्याकडे रेल्वेने पाणी आलं. त्या वर्षी फरक काय होता? अख्खा हिंद महासागरच गरम होता. पश्चिम जास्त गरम, पूर्व १९९७ सारखं थंड झालंच नाही. वजाबाकी केली तर उत्तर अधिक येतं, पण शेजाऱ्याची मोटार काही नीट बंद पडली नव्हती. म्हणून मी ट्रेनी पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो की इंडेक्स बघू नका, दोन्ही चौकोन वेगवेगळे बघा, आणि त्यातही पूर्वेचा आधी.

याला अजून एक पदर आहे. पश्चिम हिंद महासागर गेल्या शतकात जून-सप्टेंबरच्या मोसमात जवळजवळ १.२ डिग्रीने तापलाय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१४ मध्ये हे मांडलं. आता तुम्ही सरासरी कुठल्या तीस वर्षांची धरता यावर अख्खं गणित बदलतं, जुनी तीस वर्षं धरली तर पश्चिमेचा चौकोन जवळपास कायमच "सरासरीपेक्षा गरम" दिसणार आणि इंडेक्स आपोआप वर सरकणार, समुद्रात काहीही विशेष न होता. दोन वेबसाइटवर एकाच आठवड्याचे दोन वेगळे आकडे दिसतात त्याचं एक कारण हेच आहे, एकाचा बेस वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. त्यातून भांडणं करणारे लोक मी पाहिलेत.

पाणी गरम-थंड झालं तरी वरची हवा त्याचं ऐकेलच असंही नाही. हा मुद्दा मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांनी लावून धरला होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की समुद्राचं तापमान साधारण २८ डिग्रीच्या खाली असेल तर मोठे ढग उभे राहत नाहीत, आणि त्याच्या वर असेल तर उभे राहू शकतात, राहतीलच असं नाही. नंतर त्यांनी आयओडीपेक्षा त्याच्या हवेतल्या भावंडाकडे बघा असं सांगितलं, त्याला इक्विनू म्हणतात. त्यात तापमान मोजतच नाहीत, विषुववृत्तावर ६० ते ९० अंश पूर्व या पट्ट्यात वारा नेहमीपेक्षा किती उलटा आहे ते मोजतात. वारा पूर्वेकडून वाहतोय म्हणजे ढग पश्चिमेला गेलेत, आपल्यासाठी बरं. नुसता आयओडी इंडेक्स आणि देशाचा जून-सप्टेंबर पाऊस यांची जोडी लावली तर संबंध फारच कमजोर निघतो, पण अल निनो आणि हा वारा दोन्ही एकत्र धरले तर टोकाची वर्षं, म्हणजे मोठे दुष्काळ आणि मोठा अतिवृष्टीचा हंगाम, बऱ्यापैकी वेगळी पडतात. मला स्वतःला बाईंचं म्हणणं पटायला वेळ लागला कारण मी समुद्रवाला माणूस, पण पटलं.

आता २०१९ घेऊ, कारण यात सगळं काही दिसतं आणि महाराष्ट्राने ते अंगावर झेललंय.

त्या वर्षी मे-जूनपासूनच इंडेक्स अधिक बाजूला होता, पुढे तो नोंदीतल्या सगळ्यात मोठ्या आयओडींपैकी एक झाला. मग जूनमध्ये काय झालं? केरळात मान्सून ८ जूनला आला, लगेच अरबी समुद्रात वायू चक्रीवादळ झालं, त्याने सगळं बाष्प स्वतःकडे ओढलं आणि मान्सून पुढे सरकेना, मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. देशात जून ३३ टक्के तुटीचा गेला. म्हणजे आयओडी पॉझिटिव्ह आणि पेरण्या खोळंबलेल्या! त्या महिन्यात ज्याने "आयओडी आहे, काळजी नको" म्हणून धूळपेरणी केली असेल त्याचं बियाणं गेलं असणार.

जुलै १०५ टक्के. ऑगस्ट ११५ टक्के, आणि त्यात सांगली-कोल्हापूरचा महापूर. इथे मला थांबून सांगायचंय की तो पूर आयओडीने आणला असं म्हणू नका. उपसागरातून एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं आली, पश्चिम किनाऱ्यावर वारा जोरात होता, घाटावर दिवसच्या दिवस कोसळत राहिला, नद्या आधीच फुगलेल्या, धरणांतून विसर्ग, असं सगळं एकत्र आलं. आयओडीने फार तर एवढं केलं की अशा घटनांना पोषक हवा ठेवली. कुठल्या तालुक्यात कुठल्या दिवशी हे त्याच्या हातात नसतं.

मग सप्टेंबर. १५२ टक्के! १९१७ नंतर एवढा सप्टेंबर कधी झाला नव्हता. एरवी सप्टेंबरच्या मध्यावर आपण गणपती बुडवून पाऊस संपायची वाट बघतो, त्या वर्षी राजस्थानातून परतीचा पाऊस सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, नोंदीत त्याच्याइतका उशीर कधीच नव्हता. त्याआधीचा विक्रम कुठल्या वर्षाचा होता माहितीये? १९६१, तारीख १ ऑक्टोबर. त्याच्या मागे २००७, तारीख ३० सप्टेंबर. आणि १९६१, २००७, २०१९, ही तिन्ही पॉझिटिव्ह आयओडीची वर्षं आहेत. (१९६१ म्हटलं की पुण्याच्या माणसाला पानशेतच आठवतं. धरण फुटलं त्याची कारणं वेगळी, पण त्या वर्षी देशभर पाऊस धो धो होता आणि तिकडे आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराची पातळी चढून बसली होती, हे दोन्ही एकाच समुद्राचे प्रताप असतील असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नसेल.) तीन वर्षांवरून नियम सिद्ध होत नाही, मला माहितीये, पण वर सांगितलेल्या घड्याळाशी हे जुळतं. आयओडी भरात असतो तेव्हा तो मान्सूनला जाऊ देत नाही.

पुढे ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार आणि लगोलग महा चक्रीवादळ. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, एरवी एखाद-दोन होतात. पश्चिमेचा समुद्र तापलेला, ढग सगळे इकडे सरकलेले, मग काय होणार. दिवाळीत पाऊस. माझ्या मावसभावाचं सोयाबीन कापून शेतात पडलं होतं, तो फोनवर म्हणाला, "अरे शेंगांना कोंब आलेत, वास सुटलाय." मी ऑफिसात बसून सुमात्राच्या निळ्याशार थंड डागाचा नकाशा बघत होतो, इंडेक्स दोनच्या वर गेला म्हणून आम्ही सगळे जमून स्क्रीनचे फोटो काढत होतो, आणि तिकडे हे. तेव्हापासून मी गावाकडच्या माणसांना जूनमध्ये आयओडीबद्दल काही बोलत नाही, सप्टेंबरमध्ये बोलतो.

२०२३ यातलाच धडा दुसऱ्या बाजूने शिकवतं. अल निनो आला, सगळे आयओडीची वाट बघत बसले, तो आलाही, पण ऑगस्टमध्ये नुकता आकार घेत होता. आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. मराठवाड्यात सोयाबीन फुलात-शेंगेत असताना पावसाने ओढ दिली. सप्टेंबरमध्ये आयओडी नीट बसला आणि पाऊस ११३ टक्के झाला, हंगाम ९४ वर थांबला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो भरात होता, तेव्हा केनिया-सोमालियात पूर आले. म्हणजे आयओडी "खोटा" नव्हता, उशिरा आला. देशाची सरासरी बघितली तर वाचवलं असं म्हणता येईल, पण ज्याच्या शेंगा ऑगस्टमध्ये भरल्या नाहीत त्याला सप्टेंबरच्या ११३ टक्क्यांचा काय उपयोग.

निगेटिव्ह आयओडीची भीती पण अशीच अर्धवट आहे. २०२२ मध्ये निगेटिव्ह होता तरी देशाचा पाऊस १०६ टक्के, कारण पॅसिफिकमध्ये ला निना, म्हणजे अल निनोची उलटी बाजू, होती आणि तिने बाजी मारली. २०१६ चा निगेटिव्ह तर फारच मोठा होता, तरी पाऊस ९७ टक्के. पॅसिफिकचं वजन जास्त आहे. आयओडी हा धाकटा भाऊ, थोरल्याचा हात धरू शकतो पण दरवेळी थांबवू शकत नाही.

मग आधी कळत का नाही? एप्रिल-मेमध्ये मॉडेल जे आयओडीचे आलेख देतात त्यात एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रन्सच्या रेषा झाडूसारख्या पसरलेल्या असतात, काही वर, काही खाली, आणि बातमी होते ती मधल्या जाड रेषेची. वसंतात समुद्र-हवेचं हे चक्र अजून पकडलेलं नसतं, सुमात्राजवळ एखादा आठवडा वारा इकडचा तिकडे झाला की सगळी दिशा बदलते. आम्हीच एका वर्षी मेच्या मॉडेलवर विसंबून वरिष्ठांना पॉझिटिव्हची नोट पाठवली होती, बैठकीत छान ठसक्यात मांडली होती, आणि जुलैपर्यंत पूर्वेचं पाणी सरासरीवरून हललंच नाही. नंतरच्या बैठकीत मी मागच्या रांगेत बसलो. जूनच्या मध्यानंतर अंदाज जरा भरवशाचे होतात.

स्वतः बघायचं असेल तर जुलैपासून तीन गोष्टी बघा, सगळे नकाशे फुकट मिळतात. एक, पूर्वेचा चौकोन खरंच थंड आहे का, निदान उणे अर्ध्या डिग्रीच्या आसपास, आणि एखाद्या आठवड्यापुरता नव्हे तर टिकून. दोन, विषुववृत्तावरचा वारा उलटा फिरलाय का. तीन, सुमात्राच्या पश्चिमेला ढग नेहमीपेक्षा कमी आहेत का, उपग्रहाच्या ढगांच्या नकाशात तिथे कोरडा रंग दिसतो का. तिन्ही असतील तर चक्र पकडलंय. नुसतं पश्चिम गरम आणि बाकी दोन नाहीत, तर आकडा कितीही छान असला तरी मी त्याला भाव देत नाही. थोडं आधी कळायला हवं असेल तर सुमात्राजवळची समुद्रपातळी बघतात, उपग्रह सेंटीमीटरमध्ये मोजतो. साय पातळ झाली की पातळी खाली जाते, आणि हे बऱ्याचदा वरचं तापमान उतरायच्या आधी दिसतं. तापमानाच्या नकाशावर मात्र एकाच आठवड्यात विश्वास ठेवू नका, ढगाळ हवेत काही उपग्रहांना पाणी दिसतच नाही आणि तिथे आकडा अंदाजाने भरलेला असतो, समुद्रात तरंगत ठेवलेली मोजणीयंत्रं म्हणजे बॉये खात्री करून देतात पण तेही सगळे चालू असतातच असं नाही, मासेमारी बोटी त्यांना दोर बांधतात आणि सेन्सर तोडतात.

तर तुमच्या लातूरसाठी. पेरणीला नेहमीचाच नियम, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन टाकू नका, आयओडी काहीही म्हणो. अल निनोचं वर्ष असेल तर ऑगस्टचा खंड गृहीतच धरा, लवकर येणारं वाण, रुंद सरी-वरंबा, सोबत तूर, हे कृषी विभागवाले सांगतात ते ऐका. एका जिल्ह्याचा पाऊस आयओडीवरून कोणालाही काढता येत नाही, मलाही नाही. पण सप्टेंबर उजाडला आणि वरच्या तिन्ही खुणा जमल्या असतील, तर पाऊस यंदा वेळेवर उघडीप देईल असं धरून चालू नका. मजूर आणि मळणीयंत्र आधी बोलून ठेवा, पक्व झालेलं दोन दिवसही उभं ठेवू नका, कापलेलं रानात पसरून न ठेवता गंजी लावून ताडपत्री टाका. त्या वर्षी हरभरा-ज्वारीला ओल चांगली मिळेल, ती जमेची बाजू. माझ्या मावसभावाने २०२३ ला ऑक्टोबरच्या आधीच सगळं घरात आणलं होतं, आणि ऑक्टोबर मराठवाड्यात कोरडाच गेला तेव्हा मला फोन करून म्हणाला, "तुझ्या समुद्रापायी मजुराला जास्तीचे पैसे मोजले." मोजले खरे.